साडेपाच वर्षांच्या मुलाचं मांडीचं हाड मोडलंय: प्लास्टर की टेन्स नेल?

प्रश्न: माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, वजन १९ किलो. झोपाळ्यावरून पडला आणि मांडीचं हाड बरोब्बर मधोमध मोडलं, एक्स-रेवर ट्रान्सव्हर्स फ्रॅक्चर म्हणाले. एक डॉक्टर म्हणतात कमरेपासून प्लास्टर घालू, दुसरे म्हणतात ऑपरेशन करून दोन लवचिक रॉड टाकू. माझ्या बहिणीच्या मुलीचं तिसऱ्या वर्षी अगदी हेच हाड मोडलं होतं, ती नुसत्या प्लास्टरने छान बरी झाली. मग अडीच वर्षांच्या फरकाने एवढं काय बदलतं? आणि रॉड टाकल्याने पायाची वाढ थांबेल का?

उत्तर:

ताई, तुम्हाला भेटलेले दोन्ही डॉक्टर चुकीचं सांगत नाहीयेत. मुलांच्या मांडीच्या हाडाला वयाप्रमाणे साधारण अशी वाटणी आहे, सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर पट्ट्यांचा हार्नेस किंवा प्लास्टर, सहा महिने ते पाच वर्षं हिप स्पायका म्हणजे ते कमरेपासूनचं प्लास्टर, पाच ते अकरा लवचिक नेल ज्याला आम्ही टेन्स नेल म्हणतो, आणि अकराच्या पुढे जाड कडक नेल किंवा प्लेट. तुमचा मुलगा बरोबर त्या पाचच्या रेघेच्या थोडा पलीकडे उभा आहे म्हणून दोन मतं आली. पण पाचवा वाढदिवस झाला म्हणून हाड काही एका रात्रीत बदलत नाही, वय हा आमच्यासाठी दोन-तीन गोष्टींचा एकत्र अंदाज असतो, त्या गोष्टी समजल्या की तुमचा निर्णय तुम्हालाच दिसायला लागेल.

आधी तुमच्या भाचीचं बघू. लहान मुलांच्या हाडावर एक जाड आवरण असतं, पेरिऑस्टियम, उसाच्या सालीसारखं घट्ट, आणि तिसऱ्या वर्षी ते इतकं मजबूत असतं की साध्या पडण्याने आतलं हाड मोडलं तरी हे आवरण बऱ्याचदा एका बाजूने शाबूत राहतं आणि दोन्ही तुकड्यांना धरून ठेवतं. नवीन हाड म्हणजे कॅलस तयार करायचं कामही हेच आवरण करतं, म्हणून त्या वयात दोन-तीन आठवड्यांत तुकडे एकमेकांना चिकटायला लागतात. वर आणखी एक देणगी असते, मोडलेलं हाड थोडं वाकडं जुळलं तरी पुढच्या वाढीत ते स्वतःला सरळ करून घेतं. दोन ते पाच वर्षांच्या मुलात आजूबाजूला १५ अंश आणि पुढे-मागे २० अंशांपर्यंतचा बाक आम्ही चालवून घेतो, तो पुढे शोधूनही सापडत नाही.

लांबीचं तर पालकांना पटतच नाही. मांडीचं हाड मोडलं की त्या पायाचा रक्तपुरवठा वाढतो आणि पुढची दीड-दोन वर्षं तो पाय दुसऱ्यापेक्षा जरा जास्त वाढतो, साधारण एक सेंटिमीटरच्या आसपास, कुणात कमी कुणात जास्त. त्यामुळे दोन ते दहा वर्षांच्या मुलाला स्पायका घालताना हाडाची टोकं अगदी टोकाला टोक जुळवायचा आटापिटा आम्ही करत नाही, एक-दीड सेंटिमीटर एकमेकांवर चढलेली राहिली तर बरंच असतं, ती तूट वाढीत भरून निघते. प्लास्टरनंतरचा एक्स-रे बघून आई-बाप घाबरून येतात की हाड तर जुळवलंच नाही, त्यांना हे आधी सांगितलेलं नसतं म्हणून. एक गोष्ट मात्र वाढीत फारशी सुधारत नाही, पिळा. पाऊल आत किंवा बाहेर वळलेल्या अवस्थेत हाड जुळलं तर ते तसंच राहायची शक्यता जास्त, म्हणून प्लास्टर घालतानाच गुडघ्याची वाटी आणि पाऊल कुठल्या दिशेला आहे ते आम्ही दोनदा बघतो.

आता तुमचा मुलगा. साडेपाचला हे सगळं असतं पण प्रत्येक गोष्ट थोडी थोडी कमी झालेली असते. प्लास्टर किती आठवडे ठेवायचं याचा एक ढोबळ हिशोब आहे, वयाच्या वर्षांत तीन मिळवायचे, म्हणजे तीन वर्षांच्या मुलीला सहा आठवडे तर तुमच्या मुलाला आठेक. सहाव्या वर्षापासून आजूबाजूचा बाक १० अंश आणि पुढे-मागे १५ अंश एवढाच आम्ही मान्य करतो, आखूडपणही दीड सेंटिमीटरच्या वर नको, म्हणजे चुकीला जागा कमी झाली. आणि मांडीचे स्नायू दणकट झालेले असतात, ते हाडाची टोकं एकमेकांवर ओढतात, प्लास्टर बाहेरून किती धरणार, मध्ये स्नायूंचा जाड थर असतो. शिवाय १९ किलोचं मूल अधिक प्लास्टर, दोन महिने उचलायचं, कुशीवर वळवायचं, शी-शू सगळं पलंगावर, हे घरात दोन मोठी माणसं पूर्णवेळ असल्याशिवाय जमणं अवघड आहे. तीन वर्षांची पोर कडेवर घेऊन हिंडता येते, याला नाही येणार.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर नेलकडे कललो असतो. पण स्पायका चूक ठरेल असं मी म्हणणार नाही, कारण तुम्ही लिहिलेलं फ्रॅक्चर साध्या पडण्याचं आहे, आडवं आहे, आणि मूल हलकं आहे. स्पायकाच घ्यायचं ठरलं तर एक गोष्ट डॉक्टरांना विचाराच, भूल दिल्यावर दाबून बघणार का. ही तपासणी सोपी आहे, मूल झोपलेलं असताना सी-आर्मखाली, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या चालू एक्स-रे यंत्राखाली, पाय वरच्या दिशेला हलकेच दाबायचा आणि टोकं एकमेकांवर किती चढतात ते मोजायचं. तीन सेंटिमीटरच्या वर चढत असतील तर पेरिऑस्टियम सगळीकडून फाटलंय असं समजायचं, मग प्लास्टरमध्ये पाय आखूड होत जाणार आणि वय काहीही असलं तरी नुसत्या प्लास्टरवर भरवसा ठेवायचा नाही.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलोय. एक मुलगा आला होता, वय चार वर्षं दहा महिने, वजन २३ किलो, रस्त्यावर गाडीचा धक्का लागलेला, मांडीच्या मधल्या भागात थोडं तिरपं फ्रॅक्चर. मी वय बघितलं, पाचच्या आत आहे, स्पायका घातला. प्लास्टरनंतरच्या एक्स-रेवर आखूडपणा एक सेंटिमीटर होता, मी खूश. दाबून बघितलंच नव्हतं. आठव्या दिवशी एक्स-रे काढला तर टोकं २.७ सेंटिमीटर चढलेली आणि बाहेरच्या बाजूला १८ अंशांचा बाक. नुसता बाक असता तर प्लास्टर एका बाजूने कापून, पाचर घालून सरळ करता आला असता, ते आम्ही करतो, पण पाचर मारून लांबी परत मिळत नाही. पुन्हा भूल दिली, प्लास्टर काढलं, आता दाबून बघितलं तर तीनच्या वर गेलं. नेल टाकले, पाय नीट झाला, पण त्या मुलाला दोनदा भूल, आठ दिवस उगाच प्लास्टर, आणि त्याच्या आईने मला शांतपणे विचारलेलं की हे पहिल्याच दिवशी कळलं नसतं का. कळलं असतं. वय मला स्पायका सांगत होतं पण गाडीचा धक्का आणि २३ किलो हे दोन्ही उलट सांगत होते, मी एकाचंच ऐकलं. तेव्हापासून मी भूल दिल्याशिवाय निर्णय पक्का करत नाही, पालकांकडून दोन्ही गोष्टींची संमती आधीच घेऊन ठेवतो, दाबून बघतो आणि मग ठरवतो. आणि पहिले तीन आठवडे दर आठवड्याला एक्स-रे, त्यात सूट नाही, कारण हाड सरकतं ते याच काळात, आणि कॅलस मऊ आहे तोवरच ते सुधारता येतं.

स्पायकात आणखी एक धोका आहे जो पालकांनी ओळखायलाच हवा. पूर्वी आधी गुडघ्याखाली छोटं प्लास्टर घालायचे आणि मग त्या प्लास्टरलाच धरून पाय ओढून वरचं पूर्ण करायचे, त्याने पोटरीवर आणि घोट्यापुढे दाब येऊन रक्तपुरवठा अडकल्याच्या आणि पोटरीचे स्नायू कायमचे निकामी झाल्याच्या केसेस झाल्यात. आता जाणते लोक तसं ओढत नाहीत, पण प्लास्टर कुठलंही असो, घरी आल्यावर मूल पहिल्या एक-दोन दिवसांत शांत व्हायला हवं. दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, औषधाची मागणी वाढतेय, पायाची बोटं तुम्ही हलक्या हाताने सरळ केली की किंचाळतोय, बोटं सुजलेली, फिकट किंवा गार आहेत, असं झालं तर रात्री किती वाजलेत ते बघू नका, प्लास्टर पूर्ण उभं चिरून घ्यायला जा. सकाळपर्यंत थांबलात तर स्नायू गेलेले असू शकतात. पोट फुगून सारख्या हिरव्या उलट्या होत असतील तर तेही तातडीचंच, पोटावरचं प्लास्टर घट्ट झालं किंवा कमरेचा बाक बदलला की आतडं दाबलं जाऊ शकतं, म्हणून पोटावर टॉवेलची घडी ठेवून प्लास्टर घालतात आणि वाळलं की ती घडी ओढून काढतात.

आता नेल. ही पद्धत फ्रान्समधल्या नान्सी शहरातल्या बालअस्थितज्ज्ञांनी रुळवली, लिजिए, मेटेझो, प्रेव्हो वगैरे मंडळी, त्यांचा इंग्रजीतला गाजलेला पेपर १९८८ चा. कल्पना सुंदर आहे. टायटॅनियमच्या दोन बारीक सळया, हाडात घालायच्या आधी धनुष्यासारख्या वाकवायच्या, एक आतल्या बाजूने आणि एक बाहेरच्या बाजूने घालायची, बाकाचा सगळ्यात फुगीर भाग बरोबर फ्रॅक्चरच्या पातळीवर येईल असं. आत गेल्या की दोन्ही सळया सरळ व्हायला बघतात आणि एकमेकींविरुद्ध हाडाच्या भिंतींना आतून रेटतात, त्यामुळे हाड मध्ये तोलून धरलं जातं. पूर्ण जखडलेलं नसतं, थोडी हालचाल राहते, आणि तीच थोडी हालचाल कॅलस जोमाने वाढवते.

नेलची जाडी कशी ठरते ते सांगतो म्हणजे तुम्हाला विचारता येईल. एक्स-रेवर हाडाची पोकळी जिथे सगळ्यात अरुंद आहे तिथे मोजायची आणि तिच्या ४० टक्के जाडीचा नेल घ्यायचा, दोन्ही सारख्याच जाडीचे, म्हणजे दोन मिळून पोकळीचा ८० टक्के भाग व्यापतात. समजा तुमच्या मुलाची पोकळी साडेसात मिलिमीटर निघाली तर ७.५ गुणिले ०.४ म्हणजे ३ मिलिमीटरचे दोन. बारीक नेल घातले तर हाड वाकतं, आणि एक ३ चा एक २.५ चा असे वेगवेगळे घातले तर जाड नेल बारकीला हरवतो आणि हाड एका बाजूला झुकतं. नेलला बाक किती द्यायचा, तर पोकळीच्या साधारण तिप्पट. एवढं नीट केलं की साडेपाच वर्षांच्या हलक्या मुलात हे फार भरवशाचं ऑपरेशन आहे, बहुतेक वेळा फ्रॅक्चरची जागा उघडावी लागत नाही, गुडघ्याच्या वर दोन्ही बाजूंना छोट्या चिरा असतात इतकंच.

वाढ थांबेल का, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे कारण मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ गुडघ्याजवळच्या ग्रोथ प्लेटमधून होते आणि नेल घालायची जागा तिथेच जवळ आहे. पण जवळ आहे, त्यात नाही. सी-आर्मवर ग्रोथ प्लेट बघून तिच्या दोन ते अडीच सेंटिमीटर वर हाडाला भोक पाडतात आणि नेल तिथून वरच्या दिशेला जातात, ग्रोथ प्लेट ओलांडतच नाहीत. वरच्या टोकालाही खुब्याजवळच्या ग्रोथ प्लेटच्या अलीकडे थांबतात. उलट नेलनंतरही तो जास्तीच्या वाढीचा प्रकार होतो, आणि इथे हाड पूर्ण लांबीला जुळवलेलं असल्यामुळे तो पाय काही मिलिमीटर ते सेंटिमीटरभर लांब निघू शकतो. एवढ्याने चालीत काही फरक पडत नाही.

नेलमध्ये सगळ्यात जास्त होणारा त्रास म्हणजे गुडघ्याजवळ टोक टोचणं. नेलचं टोक पुढे काढता यावं म्हणून हाडाबाहेर थोडं ठेवावं लागतं, एक-दोन सेंटिमीटर, आणि ते हाडाला लगटून असावं. काही जण पकडायला सोपं जावं म्हणून टोक बाहेरच्या बाजूला वाकवून ठेवतात, मग ते कातडीखाली टोचतं, मूल गुडघा वाकवेनासं होतं, क्वचित कातडीतून बाहेर येऊन जंतुसंसर्गही होतो. तिथे लालसर गाठ दिसली, स्राव आला, किंवा आधी गुडघा वाकत होता आणि आता वाकेना असं झालं तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका, दाखवा.

आणि नेलची स्वतःचीही हद्द आहे. ते लांबी धरून ठेवायला कमजोर. हाडाचे तुकडे तुकडे झाले असतील, किंवा तिरपं फ्रॅक्चर इतकं लांब असेल की त्याची तिरपी लांबी हाडाच्या जाडीच्या दुप्पट आहे, तर टोकं घसरून पाय आखूड होतो आणि नेल गुडघ्याकडून बाहेर यायला लागतात, तिथे स्नायूखालून सरकवलेली प्लेट बरी. तसंच मूल ५० किलोच्या आसपास किंवा वर असेल, किंवा अकराच्या पुढचं असेल, तर या बारीक सळया वाकतात, अशा मुलांत फसायचं प्रमाण स्पष्टपणे जास्त दिसलंय. त्या वयात कडक नेल घालतात पण तोही खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्याकडून, मोठ्या माणसांसारखा मधल्या खाचेतून घातला तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून गोळा कुजायचा धोका असतो. तुमचं १९ किलो आणि आडवं फ्रॅक्चर, म्हणजे नेलसाठी अगदी हवी तशी केस.

ऑपरेशनच्या आधी दोन गोष्टी झाल्यात ना ते बघा. एक्स-रेमध्ये खुबा आणि गुडघा दोन्ही दिसायला हवेत, मांडीच्या मध्यावर मोडलेलं दिसलं की वरचा मोडलेला खुबा नजरेतून सुटतो. आणि फ्रॅक्चरच्या जागेचं हाड नीट दिसतंय की तिथे पोकळ गाठ आहे, कारण हाडातल्या सिस्टमुळेही किरकोळ पडण्याने हाड मोडतं, मग उपचाराचा विचार वेगळा. (तुमच्या भाचीच्या वेळी डॉक्टरांनी ती कशी पडली, कोण होतं, हे खोदून खोदून विचारलं असेल तर राग मानू नका. तीन वर्षांच्या आतल्या प्रत्येक मुलात, आणि विशेष म्हणजे अजून चालायला न लागलेल्या बाळात, मारहाण तर नाही ना हे बघणं आमचं कर्तव्यच आहे.) ऑपरेशन होईपर्यंत मूल कळवळत असेल तर जांघेत भुलीचं इंजेक्शन देऊन मांडी बधिर करता येते, त्याने फार आराम पडतो, मागून घ्या.

नेल झाल्यावर चित्र साधारण असं असतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मूल बसतं, घरी जातं, गुडघा हलवायला लगेच सुरुवात, वॉकरने पाय नुसता टेकवून चालणं, आणि एक्स-रेवर कॅलस चांगला दिसला की, म्हणजे बहुधा सहा ते आठ आठवड्यांत, पूर्ण वजन टाकून चालणं. लंगडत चालतो म्हणून घाबरू नका, मांडीचे स्नायू बारीक झालेले असतात, काही महिने जातात, स्पायकानंतर तर त्याहूनही जास्त, पण मुलं खेळता खेळता ते भरून काढतात. हाड पूर्ण भरलं की सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान नेल काढायचं छोटं ऑपरेशन असतं, म्हणजे नेल निवडलात तर भूल दोनदा हे आत्ताच धरून चाला. आणि प्लास्टर घ्या की नेल, दोन वर्षं दर सहा महिन्यांनी दोन्ही पायांची लांबी मोजून घ्या, पाय जास्तीचा वाढायचा तो तेवढ्याच काळात वाढतो.